विटांची घुमटी आणि पाचशे वर्षांपूर्वीची सीमा

प्रश्न: रस्त्याच्या कडेचे क्रूस, घुमट्या, स्मारकशिळा पाहून फोटो कुठला ते सांगता येतं म्हणतात. माझ्याकडचा फोटो असा आहे: अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे जुनी उंच झाडं, लाल कौलांचं एक घर, आणि फाट्यावर लाल विटांची उंच घुमटी. कोनाड्यात मूर्ती आहे, वर लोखंडी क्रूस. एकही पाटी दिसत नाही. मला बव्हेरिया वाटतं. बरोबर आहे का, आणि हे नेमकं कसं ओळखायचं?

उत्तर:

बव्हेरिया नसावं. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा पहिला अंदाज पोलंडच्या उत्तरेचा, वार्मिया नावाच्या लहानशा प्रदेशाचा. मी जुन्या, विनापत्त्याच्या फोटोंची ठिकाणं शोधण्याचं काम बरीच वर्षं करतो आणि या प्रदेशावर दोनदा तोंडघशी पडलोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. जगभरच्या घुमट्यांची जंत्री देत बसत नाही. या एका पट्ट्यात घुमटी जितकं बोलते तितकं क्वचितच कुठे बोलते, आणि इथली पद्धत कळली की बाकी ठिकाणी काय पाहायचं तेही कळतं.

आधी वीट. उत्तर युरोपच्या मैदानात बांधायला चांगला दगड नाही. हिमनद्यांनी मागे टाकलेली चिकणमाती आहे आणि गोल धोंडे आहेत. मातीची वीट होते, धोंडे पायाला लागतात. त्यामुळे फोटो मोठा करून घुमटीचा तळ बघा. खाली गोलसर ग्रॅनाइटचे धोंडे आणि वर उघडी लाल वीट असेल तर आपण मैदानात आहोत, आल्प्सच्या पायथ्याशी नाही. बव्हेरियात रस्त्याकडेला दिसतो तो बहुधा छोट्या छपराखालचा लाकडी क्रूस, किंवा चुन्याने पांढरी केलेली घुमटी, किंवा फ्रँकोनिया भागात वालुकाश्माचा नक्षीदार खांब. उघड्या विटांची घुमटी बेल्जियममध्ये, नेदरलँड्सच्या लिंबर्गमध्ये आणि जर्मनीच्या ऱ्हाइनकडच्या सखल भागातही भेटते, तेव्हा नुसत्या विटेवर पैज लावू नका. पण तिथली घुमटी बहुधा बुटकी, जाळीचं दार लावलेली, एखाद्या खोक्यासारखी असते. वार्मियाची घुमटी उंच असते, जणू एखाद्या चर्चचा मनोराच लहान करून फाट्यावर उभा केलाय. एकावर एक दोन-तीन टप्पे, प्रत्येकात कोनाडा, वर त्रिकोणी माथा. काहींच्या वरच्या कोनाड्यात छोटी घंटा टांगलेली असते. ही घंटा प्रार्थनेच्या वेळी आणि गावात कोणी गेलं की वाजवत. तुमच्या फोटोत वरचा कोनाडा मूर्तीविना, आरपार उघडा दिसतोय का ते पाहा. तसा असेल तर ती घंटेची जागा असण्याची शक्यता दाट.

आता मुख्य गोष्ट. वार्मियाच्या शेजारी मझुरी आहे. तीच तळी, तीच झाडांच्या रांगांतली वाट, तीच लाल कौलं, त्याच विटांची घरं. 1772 ते 1945 दोन्ही प्रदेश प्रशियाच्या आणि पुढे जर्मनीच्या हातात होते. रस्ते बांधणारे तेच, घरं बांधणारे तेच. नुसतं निसर्गचित्र पाहून मलाही फरक सांगता येणार नाही. फरक पडतो तो फाट्यावर. वार्मियात गाव आलं की घुमटी येते. मझुरीत जुनी घुमटी जवळजवळ सापडतच नाही.

याचं कारण 1525 सालात आहे. मुळात हा सगळा मुलूख ट्युटॉनिक सरदारसंघ या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा होता किंवा त्याच्या छायेत होता. 1466 च्या तोरुनच्या तहाने वार्मियाच्या बिशपचं राज्य पोलंडच्या राजाच्या आश्रयाला गेलं. 1525 मध्ये सरदारसंघाचा प्रशियातला शेवटचा प्रमुख आल्ब्रेख्ट याने इथला संघ मोडून उरलेल्या मुलुखाची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, केली आणि ती ल्यूथरन या प्रोटेस्टंट पंथाची झाली. मधला बिशपचा तुकडा मात्र कॅथलिक राहिला. नकाशावर तो पाचरीसारखा दिसतो: समुद्राकाठी फ्रोम्बोर्कला अरुंद, आणि आग्नेयेकडे ओल्श्टिन, रेशेलपर्यंत रुंद होत गेलेला. कोपर्निकस याच बिशपच्या पदरी होता. ओल्श्टिनच्या किल्ल्यात राहून तो इथल्या जमिनींचा कारभार पाहत असे. पाचरीच्या आत नवस फेडायचा तर घुमटी बांधायची, बाहेर नवस नाही आणि संतांपुढे हात जोडणंही नाही. ल्यूथरन लोक क्रूसाच्या विरोधात होते असं मात्र समजू नका, त्यांच्या चर्चमध्ये क्रूस असतोच. पण रस्त्यावरून मिरवणूक निघत नाही, संताकडे मागणं घातलं जात नाही, म्हणून फाट्यावर काही उभारायचं कारणच उरत नाही. मझुरीत गावाच्या मधोमध घुमटी नव्हे तर स्मारकशिळा दिसते: 1914 ते 1918 च्या युद्धात मेलेल्या गावकऱ्यांची नावं, जर्मन अक्षरांत, एखाद्या मोठ्या धोंड्यावर किंवा चौथऱ्यावर. वार्मियातही अशा शिळा आहेत, पण तिथे गावात घुमटीही सापडते. शिळा एकटी असेल तर कान टवकारा.

हे स्वतः करून पाहायचं असेल तर रस्त्यावरून काढलेल्या फोटोंचा नकाशा उघडा आणि ओल्श्टिनहून पासिमकडे निघा. अंतर तीसेक किलोमीटर. ओल्श्टिन वार्मियाचं, पासिम मझुरीचं. मुख्य रस्ता सोडा, कारण तो रुंद करताना पुष्कळ गोष्टी हलवल्या गेल्या आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतून जाणारे जुने रस्ते धरा. प्रत्येक गावाच्या तोंडाशी, शेवटच्या घरापाशी आणि फाट्यावर थांबून चारही बाजूंना पाहा आणि कागदावर तीनच खुणा करा: विटांची जुनी घुमटी, नवा क्रूस, काहीच नाही. दहा-बारा गावं झाली की पहिली खूण आटत जाते आणि एका ठिकाणी बंद पडते. तीच 1525 ची सीमा. आज तिथे तपासणी नाका नाही की भाषेचा फरक नाही, दोन्ही भाग एकाच प्रांतात आहेत. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा संध्याकाळभर तोच उद्योग करत बसलो होतो.

तुमच्या फोटोसाठीही एका घुमटीवर थांबू नका. एक घुमटी म्हणजे एका माणसाचा नवस, गावोगाव घुमट्या म्हणजे प्रदेश. त्याच संग्रहात त्याच वाटेवरचे आणखी फोटो असतील तर ते आधी काढा.

आता मी कुठे फसलो ते सांगतो. एका कुटुंबाच्या अल्बममधला फोटो होता. मोठ्या झाडांखालून जाणारी वाट, वाटेला लागून विटांची देखणी घुमटी. मी डोळे झाकून वार्मिया म्हणालो, आणि कागदपत्रांत मात्र ते कुटुंब ल्यूथरन निघालं. त्यांचं गाव सीमेपलीकडचं होतं. तासन्‌तास शोधल्यावर उलगडा झाला. रेशेलहून श्वेंता लिप्काच्या तीर्थस्थानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅथलिक जपमाळेत आठवायच्या पंधरा प्रसंगांच्या पंधरा घुमट्या आहेत, अठराव्या शतकातल्या. रेशेल वार्मियात आहे, पण श्वेंता लिप्का सीमेच्या बाहेर, ल्यूथरन मुलुखात बसलेलं कॅथलिक बेट. ती घुमट्यांची ओळ सीमा ओलांडून जाते. तेव्हापासून मी एक गोष्ट आधी बघतो: घुमट्या ठरावीक अंतराने, एकाच घडणीच्या, एका ओळीत आहेत का? असतील तर तो तीर्थाचा रस्ता. तो तीर्थ कुठे आहे ते सांगतो, आजूबाजूच्या गावांची श्रद्धा सांगत नाही. गावच्या घुमट्या एकमेकींसारख्या नसतात, कारण प्रत्येकीचा गवंडी वेगळा आणि पैसे देणारा वेगळा.

दुसऱ्यांदा उलटं झालं. मझुरीतल्या एका फोटोत उंच क्रूस होता, भोवती कुंपण, फुलं, फिती. मी त्याला वार्मियात ढकललं. चूक अशी की मी वय पाहिलं नाही. 1945 नंतर मझुरीची वस्तीच बदलली. जर्मन गेले, पुढच्या दशकांत पोलिश बोलणारे ल्यूथरन मझुरीही बरेचसे निघून गेले, आणि मध्य पोलंडमधून व पूर्वेच्या गमावलेल्या मुलुखातून कॅथलिक लोक आले. त्यांनी येताच क्रूस उभारले. त्यामुळे आज मझुरीतही क्रूस भरपूर आहेत, पण ते लोखंडी नळीचे, काँक्रीटचे किंवा साध्या लाकडी तुळयांचे. जुन्या विटांच्या घुमट्या बदलत्या वस्तीबरोबर चालून येत नाहीत. म्हणून नियम असा करा: कशापासून बनलंय आणि किती जुनं आहे ते आधी, श्रद्धा नंतर. नळी जोडून केलेला क्रूस आजची वस्ती सांगतो, झिजलेली वीट पूर्वीची.

तारखेवरून वय ठरवतानाही सावध. क्रूसावर कोरलेलं साल उभारणीचं असेलच असं नाही. पोलंडमध्ये चर्चच्या आवाराजवळ उपदेश-सप्ताहाची आठवण म्हणून क्रूस उभारतात आणि दर वेळी नवी तारीख त्याच क्रूसावर चढवतात. एकाच लाकडावर तीन-चार सालं दिसली तर तो हाच प्रकार. वार्मियात 1877 हे साल किंवा त्यानंतरची सालं दिसली तर मात्र लक्ष द्या. त्या उन्हाळ्यात गित्शवाल्ड गावी दोन मुलींना मरियेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, आणि त्यानंतर या भागात मरियेच्या घुमट्यांना जोर चढला.

फिती हा ऋतूचा पुरावा आहे. निळ्या-पांढऱ्या फिती मरियेच्या. मे महिन्यात संध्याकाळी घुमटीपाशी जमून मरियेची स्तोत्रं म्हणतात, तेव्हा माथ्यापासून कुंपणाच्या खांबांपर्यंत फिती ताणतात, तंबूसारख्या. बर्चची कोवळी झाडं तोडून आणून दोन्ही बाजूंना रोवलेली दिसली तर ख्रिस्तदेहाच्या सणाची मिरवणूक नुकतीच झाली असावी. तो सण ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी येतो. म्हणजे फोटो मेच्या उत्तरार्धातला किंवा जूनमधला. रंगीत काचेचे दिवे, ढीगभर, हे बहुतेक 1 नोव्हेंबरच्या, सर्व संतांच्या दिवसाच्या आसपासचं.

आणि काचेचे दिवे एका छोट्या क्रूसापाशी, थेट चरीच्या कडेला, वळणावर, झाडाच्या बुंध्याला टेकून असतील तर ती घुमटी नाहीच. ते अपघाताचं ठिकाण. गुडघ्याएवढी उंची, एक नाव, शेवटची तारीख, कधी फोटो. घुमटी येणाऱ्याला लांबून दिसावी म्हणून फाट्यावर किंवा उंचवट्यावर बसवतात, अपघाताचा क्रूस जिथे गाडी आदळली तिथेच असतो. प्रदेश ओळखायला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण ही रीत आता सगळ्या पंथांत आणि पंथ न मानणाऱ्यांतही आहे. झाडांच्या रांगांचे रस्ते मात्र अशा क्रूसांनी भरलेले असतात, म्हणून नवखा माणूस त्यांची मोजणी करून मझुरीला कॅथलिक ठरवून बसतो.

याच पट्ट्यात थोडं पूर्वेला सरकलात तर पोद्लास्ये लागतं आणि क्रूसाला तीन आडव्या पट्ट्या येतात: वर छोटी, मध्ये मोठी, खाली तिरकी. हा ऑर्थोडॉक्स क्रूस. खेड्यांतले क्रूस लाकडी, कधी निळ्या रंगाचे, त्यांना फिती आणि भरतकामाचं कापड बांधलेलं. रशियन लिपीत ‘स्पासी इ सोखरानी’ म्हणजे ‘वाचव आणि सांभाळ’ असं लिहिलेलं आढळतं. दोन आडव्या पट्ट्यांचा क्रूस मात्र ऑर्थोडॉक्स समजू नका. पोलंडमध्ये तो प्लेग-कॉलऱ्यापासून राखण करणारा कॅथलिक क्रूस आहे, त्याला कारावाका म्हणतात. गोंधळ नेहमी इथेच होतो.

त्या तिरक्या पट्टीचा एक वेगळाच उपयोग सांगतो. समोरून पाहिलं की तिचं वरचं टोक आपल्या डाव्या हाताला असतं, ख्रिस्ताच्या उजव्या बाजूला. फोटोत ते उजवीकडे वर दिसलं तर दोनच शक्यता: तुम्ही क्रूस मागून पाहताय, किंवा फोटो आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटून छापला गेलाय. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून केलेल्या प्रतींत हे घडतं. मूर्ती किंवा अक्षरं दिसत असतील, म्हणजे समोरची बाजू असेल, तर फोटोच उलटा. अशा एका फोटोत मी रस्त्याचं वळण दोन दिवस चुकीच्या बाजूला शोधत होतो.

उत्तरेला लिथुआनियात गेलात की वीट संपते आणि ओक येतो. उंच खांब, त्यावर एकावर एक छोटी छपरं, आत गालावर हात टेकून बसलेला विचारमग्न ख्रिस्त, आणि टोकाला लोखंडी काम ज्यात क्रूसाभोवती सूर्याचे किरण आणि खाली चंद्रकोर. हा प्रकार एकदा पाहिला की विसरत नाही. ही कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. पण इथेही वय बघा. झारच्या अधिकाऱ्यांनी 1863 च्या उठावानंतर क्रूस उभारायला बंदी घातली, सोव्हिएत काळात उरलेसुरले पाडले, शाउलियाईजवळची क्रूसांची टेकडी तर 1961 पासून अनेकदा बुलडोझरने साफ केली. त्यामुळे रस्त्याकडेचा ताजा, तेल लावलेला ओकचा खांब बहुधा 1988 नंतरचा. आणि मझुरीसारखीच गंमत इथेही आहे. क्लाइपेडाभोवतीचा किनारा पूर्वी पूर्व प्रशियात, ल्यूथरन. तिथे पोचताच रस्त्याकडेचे जुने खांब विरळ होतात. आणखी वर लॅटव्हियात पूर्वेचा लॅटगाले मुख्यतः कॅथलिक, कारण तो सतराव्या शतकात पोलंड-लिथुआनियाकडे राहिला. तिथे गावाबाहेर छोट्या कुंपणात फुलं लावून लाकडी क्रूस उभा असतो, आणि मे महिन्यात त्याच्यापाशी गाणी म्हणतात. बाकी बहुतेक लॅटव्हियात मैलोन्‌मैल काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ देखील लिहून ठेवा. त्यावरूनही उत्तर निघतं.

तर तुमच्या फोटोचं. तळाला धोंडे, उघडी वीट, दोन किंवा तीन टप्पे, वर घंटेची जागा, फाट्यावरची बसवणूक, आणि ओळीतल्या घुमट्यांपैकी नाही याची खात्री, एवढं जुळलं तर वार्मिया धरा. मग गाव शोधायला घुमटीपेक्षा फाटा जास्त कामाचा. किती रस्ते फुटतात, कोणत्या कोनात, घुमटीचं तोंड कुठल्या रस्त्याकडे, आणि सावली पडलेली दिशा. या घुमट्यांची गावनिहाय छायाचित्रं लोकांनी नकाशावर टाकलेली आहेत, तेव्हा ओल्श्टिन, बार्चेवो, बिस्कुपिएत्स आणि गित्शवाल्ड एवढ्या पट्ट्यापासून सुरुवात करा. माथ्याचा आकार आणि कोनाड्यांची संख्या जुळवत गेलात तर घुमटी सापडायला हवी. सापडली नाही तर फोटो मोठा करून माथ्याचा लोखंडी क्रूस आणि तळाचा दगड इथे टाका. क्रूसाशेजारी वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा झेंडा असेल तर तोही कापू नका, वार्मियातल्या काही घुमट्यांवर तो असतो.